दिनमान काढायचं कसं, आणि ते वर्षभर बदलत का राहतं?

*भिंतीवरच्या कॅलेंडरात पुण्याचा सूर्योदय-सूर्यास्त दिलेला असतो. त्यावरून दिवस नेमका किती तासांचा हे कसं काढायचं? २१ डिसेंबर सर्वांत लहान दिवस म्हणतात, पण सूर्योदय तर जानेवारीतही उशिरा-उशिराच होत जातो. आणि २१ मार्चला दिवस-रात्र समान म्हणतात, तर माझी वजाबाकी १२ तास ८ मिनिटं येते. माझं कुठे चुकतंय?*

तुमचं काहीच चुकत नाही. १२ तास ८ मिनिटं बरोबर आहेत, आणि जानेवारीतल्या सूर्योदयाबद्दल तुम्ही जे टिपलंय तेही बरोबर आहे.

आधी वजाबाकी उरकून घेऊ. २१ जूनला पुण्यात सूर्योदय साधारण ५:५९ ला आणि सूर्यास्त संध्याकाळी ७:१४ ला. सूर्यास्त २४ तासांच्या घड्याळात लिहायचा, म्हणजे १९:१४. आता १४ मधून ५९ जात नाहीत, म्हणून एक तास उसना घ्यायचा, आणि तो उसना घेतलेला तास ६० मिनिटांचा असतो, १०० चा नव्हे. ७४ वजा ५९ म्हणजे १५, आणि १८ वजा ५ म्हणजे १३. दिनमान १३ तास १५ मिनिटं. २४ तासांतून ते वजा केलं की रात्रिमान आलं, १० तास ४५ मिनिटं. (काटेकोर रात्रिमान धरायचं तर दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय घ्यावा लागतो, पण फरक काही सेकंदांचाच असतो.)

एक्सेलमध्ये करत असाल तर एक खड्डा सांगून ठेवतो, कारण त्यात मी स्वतः पडलोय. वेळांच्या वजाबाकीला २४ ने गुणलं की उत्तर दशांशात येतं, १३.२५ तास. म्हणजे सव्वातेरा तास, १३ तास २५ मिनिटं नव्हे. सुरुवातीच्या काळात एका स्थानिक दिनदर्शिकेसाठी मी दिलेलं अख्खं कोष्टक असंच दशांशात छापून आलं. टाईप लावणाऱ्याने टिंबाच्या जागी विसर्गासारखे दोन ठिपके टाकले आणि मीही तपासताना ते पाहिलं नाही. एका वाचकाने विचारलं, "तुमच्याकडे मिनिटं ९९ पर्यंत जातात का हो?" तेव्हा लक्षात आलं.

दुसरी मर्यादा छापील वेळांची. सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही जवळच्या मिनिटाला गोल केलेले असतात, म्हणून तुमच्या वजाबाकीत एखाद्या मिनिटाचा खोट-नफा कायम राहणार. त्यामुळे कॅलेंडरवरून 'सर्वांत लहान दिवस' शोधायला गेलात तर सापडणार नाही. २१ डिसेंबरच्या पाच दिवस अलीकडे आणि पाच दिवस पलीकडे पुण्याचं दिनमान वीसएक सेकंदांच्या आतच हलतं. कॅलेंडर तो सगळा आठवडा ११ तास १ मिनिटाचाच दाखवणार.

आता जानेवारीच्या सूर्योदयाकडे येऊ. इथे युक्ती अशी की सूर्योदय आणि सूर्यास्त या दोन वेळांकडे सुटंसुटं पाहायचंच नाही. त्यांच्यातून दोन वेगळ्या गोष्टी काढायच्या. एक त्यांचा मध्य, म्हणजे स्थानिक मध्यान्ह, जेव्हा सूर्य याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर येतो. दुसरी त्यांच्यातलं अंतर, म्हणजे दिनमान. या दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बदलतात, आणि कॅलेंडरात त्यांची खिचडी झालेली असते.

पुण्याचेच आकडे घ्या. २१ डिसेंबरला सूर्य ७:०२ ला उगवतो आणि १८:०३ ला मावळतो. मध्य येतो १२ वाजून साडेबत्तीस मिनिटं, दिनमान ११ तास १ मिनिट. संक्रांतीच्या आसपास, १५ जानेवारीला, सूर्य ७:१० ला उगवतो आणि १८:१८ ला मावळतो. मध्य १२:४४, दिनमान ११ तास ८ मिनिटं. म्हणजे या पंचवीस दिवसांत दिवस सात मिनिटांनी लांबला, साडेतीन मिनिटं सकाळकडे आणि साडेतीन संध्याकाळकडे. पण त्याच काळात अख्खा दिवसच सुमारे ११ मिनिटं पुढे सरकला. सकाळी साडेतीन मिनिटं मिळाली आणि अकरा गेली, म्हणून सूर्योदय आठेक मिनिटं उशिरा. संध्याकाळी दोन्ही एकाच दिशेने, म्हणून सूर्यास्त पंधरा मिनिटं उशिरा. 'संक्रांतीपासून दिवस तीळ तीळ वाढतो' हे आपण म्हणतो ते म्हणूनच संध्याकाळी पटतं, पहाटे शाळेला निघणाऱ्या पोराला पटत नाही. पुण्यात सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो, आणि सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यातच, १७:५६ च्या सुमारास, होऊन गेलेला असतो.

हा मध्यान्ह का सरकतो? आपलं घड्याळ रोज बरोबर २४ तास मोजतं, सूर्य मात्र एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत नेमके २४ तास घेत नाही. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर सूर्य ताऱ्यांमध्ये साधारण एक अंश पूर्वेला सरकलेला असतो, आणि त्याला गाठायला पृथ्वीला आणखी चारेक मिनिटं फिरावं लागतं. डिसेंबर अखेरीस हे सरकणं जास्त भरतं. एक तर जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत वेगाने धावत असते. दुसरं म्हणजे त्या दिवसांत सूर्याची चाल विषुववृत्ताला जवळजवळ समांतर असते, त्यामुळे ती सगळी पूर्वेच्याच खात्यात जाते. परिणाम असा की त्या दिवसांत मध्यान्ह ते मध्यान्ह २४ तास आणि वर सुमारे ३० सेकंद लागतात. रोजची अर्ध्या मिनिटाची ही थकबाकी साठून पंचवीस दिवसांत अकरा मिनिटं होते. पंचांगगणितात याला कालसमीकरण म्हणतात. त्याचा दिनमानाशी संबंध नाही, म्हणून इथेच सोडतो.

दिनमान बदलण्याचं कारण वेगळं, आणि ते पाहायला मी परातीतला प्रयोग करून दाखवतो. घमेल्यासारखी खोल परात पाण्याने भरा. एक लाटणं घ्या आणि त्यावर एकाच मापाच्या तीन बांगड्या कणकेच्या गोळ्यांनी अशा बसवा की लाटणं प्रत्येक बांगडीच्या मधोमध जाईल. एक लाटण्याच्या मध्यावर, एक वरच्या टोकाकडे, एक खालच्या टोकाकडे. आता लाटणं पाण्यात तिरकं धरा, मधल्या बांगडीचा मध्य बरोबर पाण्याच्या पातळीवर ठेवून. पाणी म्हणजे क्षितिज, लाटणं म्हणजे पृथ्वीचा अक्ष, वरचं टोक ध्रुवताऱ्याकडे. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंश वर दिसतो, तेवढाच तिरपेपणा द्यायचा. बांगडी म्हणजे सूर्याची आकाशातली रोजची फेरी. पाण्यावर आहे तेवढा भाग दिवस, पाण्याखाली आहे तेवढा भाग रात्र.

मधली बांगडी पाण्याने बरोबर अर्धी कापली जाते. तो विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस. वरच्या टोकाकडची बांगडी अर्ध्याहून जास्त पाण्याबाहेर असते, तो जून. खालची अर्ध्याहून जास्त बुडलेली, तो डिसेंबर. पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या सपाटीला काटकोनात उभा नाही, सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो. म्हणून सूर्य कधी विषुववृत्ताच्या उत्तरेला २३.४ अंशांपर्यंत जातो, कधी तितकाच दक्षिणेला. सूर्याच्या या उत्तर-दक्षिण अंतराला क्रांती म्हणतात. क्रांती बदलली की बांगडी लाटण्यावर सरकली, एवढंच.

आता लाटण्याचा तिरपेपणा बदलून पाहा. लाटणं पाण्यावर आडवं ठेवलं तर तिन्ही बांगड्या अर्ध्या-अर्ध्याच कापल्या जातात. हे विषुववृत्त, तिथे दिनमान वर्षभर जवळपास सारखंच. लाटणं जसजसं उभं कराल तसतसा वरच्या आणि खालच्या बांगडीतला फरक वाढत जातो, आणि एका टप्प्यानंतर वरची बांगडी पाण्याला शिवतच नाही. तो उत्तर ध्रुवाकडचा न मावळणारा सूर्य. त्यामुळे कन्याकुमारीला वर्षातला सर्वांत मोठा दिवस १२ तास ३६ मिनिटांचा, पुण्यात १३ तास १५, नागपूरला १३ तास २५, दिल्लीत १३ तास ५८ आणि लंडनमध्ये १६ तास ३८. गंमत म्हणजे २१ जूनला नागपूरकर १८:५८ लाच सूर्य मावळताना पाहतो आणि पुणेकर १९:१४ ला, तरी दिवस नागपूरचा दहा मिनिटांनी मोठा. नागपूर पूर्वेला असल्याने तिथला सूर्य ५:३३ ला उगवलेला असतो. रेखांश दिवसाला पुढे-मागे ढकलतो, लांब-आखूड करतो तो अक्षांश.

सूर्य जवळ आला म्हणून दिवस मोठा, असं पुष्कळांना वाटतं. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सर्वांत जवळ असतो हे वर आलंच आहे, आणि तेव्हा आपला दिवस लहान असतो. 'सूर्य डोक्यावर आला की दिवस सर्वांत मोठा' हेही खरं नाही. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैअखेरीस, ते शून्य सावलीचे दिवस. सर्वांत मोठा दिवस त्यांच्या मधोमध, तेव्हा दुपारचा सूर्य पुणेकरांच्या डोक्यावरून पाच अंश उत्तरेला कललेला असतो.

हे सगळं आकड्यात मांडायला आपल्या जुन्या गणकांनी जी रीत वापरली ती मला आजही त्रिकोणमितीपेक्षा आवडते, कारण ती कागदावर दोन मिनिटांत होते. त्यात एकच मोजमाप लागतं, पलभा. विषुवदिनी मध्यान्हाला १२ अंगुळं उंच शंकूची, म्हणजे सरळ उभ्या काडीची, सावली किती अंगुळं पडते, ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा ४ अंगुळं. तिला अनुक्रमे १०, ८ आणि ३⅓ ने गुणायचं. पुण्यासाठी आली ४०, ३२ आणि १३⅓ पळं. ही चरखंडं. विषुवदिनापासून पहिल्या राशीत, म्हणजे सूर्याच्या पहिल्या ३० अंशांत, अर्धा दिवस ४० पळांनी वाढतो, दुसऱ्या राशीत आणखी ३२ ने, तिसरीत आणखी १३⅓ ने. एक पळ २४ सेकंदांचं, ६० पळांची एक घटी, ६० घटींचा अहोरात्र.

५ मेचं उदाहरण करू. सूर्य २० मार्चच्या सुमारास शून्यावरून निघालेला, रोज जवळपास एक अंश चालत ५ मेला ४५ अंशांवर पोचतो. पहिली रास पुरी, ४० पळं. दुसरी रास अर्धी, ३२ च्या निम्मी १६. चर, म्हणजे अर्ध्या दिवसातली ही वाढ, झालं ५६ पळं. ते सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे, म्हणून ११२ पळं, म्हणजे १ घटी ५२ पळं, म्हणजे पावणेपंचेचाळीस मिनिटं. ३० घटींत, म्हणजे १२ तासांत, ती मिळवली की १२ तास ४५ मिनिटं. कॅलेंडरात ५ मेचा सूर्योदय ६:०५ आणि सूर्यास्त १८:५७ दिसेल, म्हणजे १२ तास ५२. सात मिनिटं कमी पडतात. या सात मिनिटांकडे मी येणारच आहे, ती तुमचीच सात मिनिटं आहेत.

त्याआधी १०, ८, ३⅓ या उतरत्या आकड्यांकडे नीट पाहा. दिनमान एका चालीने का वाढत नाही ते त्यांच्यात आहे. सूर्याची वाट विषुववृत्ताला मार्चमध्ये तिरकी छेदते, म्हणून पहिल्या महिन्यात तो झपाट्याने उत्तरेला जातो, साडेअकरा अंश. दुसऱ्या महिन्यात पावणेनऊ, आणि तिसऱ्यात जेमतेम सव्वातीन, कारण तिथे वाट वळून विषुववृत्ताला समांतर होत आलेली असते. त्यामुळे पुण्यात मार्चअखेर दिवस रोज मिनिटाभराने वाढतो, २१ मेपासून सरासरी वीसएक सेकंदांनी, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वाढ जणू थांबते.

या रीतीत नवशिके हमखास एक चूक करतात. पंचांगात सूर्य 'मेष राशीत' आला म्हणून तिथून मोजायला लागतात. पंचांगातली रास निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली असते, आणि चराला सायन, म्हणजे मार्चच्या विषुवदिनापासून मोजलेली लागते. दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचं अंतर पडलेलं आहे. ५ मेला निरयन सूर्य मेषेत २१ अंशांच्या आसपास असतो. ते धरलंत तर चर २८ पळं येईल आणि दिवस २२ मिनिटांनी आखूड निघेल. उत्तर कॅलेंडरापासून पंधरा-वीस मिनिटांहून जास्त लांब गेलं तर आधी हेच तपासायचं. मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला आणि सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला, ही फारकतही त्याच २४ अंशांची. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होती.

रीतीची दुसरी मर्यादा अशी की तिच्यात सूर्याची परमक्रांती २४ अंश धरलेली आहे. २१ जूनला तीनही खंडं मिळवली की पुण्याला १२ तासांवर ६८ मिनिटं येतात, २३.४ अंशांनी खरी येतात ६७. पुण्यात हा फरक सोडून द्यावा. लंडनची पलभा मात्र १५ अंगुळं, तिथे चूक वाढते. तिकडच्या नातेवाइकांसाठी काढायचं असेल तर सरळ सूत्र वापरा. खालच्या ओळीत 18.52 च्या जागी दोन्हीकडे आपला अक्षांश घालायचा, B2 मध्ये त्या दिवशीची क्रांती अंशांत. दक्षिण क्रांती असेल तर आकडा ऋण. उत्तर दशांश तासांत येतं, वरचा खड्डा लक्षात ठेवून.

```
=2/15*DEGREES(ACOS((SIN(RADIANS(-0.833))
-SIN(RADIANS(18.52))*SIN(RADIANS(B2)))
/(COS(RADIANS(18.52))*COS(RADIANS(B2)))))
```

त्या -0.833 मध्ये तुमच्या मार्चच्या प्रश्नाचं उत्तर आहे. परातीतला प्रयोग सूर्याला एक बिंदू मानतो आणि हवा नाहीच असं धरतो. कॅलेंडर मात्र सूर्यबिंबाची वरची कड दिसली की सूर्योदय झाला म्हणतं, आणि तीच कड बुडली की सूर्यास्त. बिंबाचा मध्य त्या वेळी कडेच्या १६ कला खाली असतो, आणि ६० कलांचा एक अंश. शिवाय क्षितिजाजवळ वातावरणाच्या वक्रीभवनामुळे सूर्य जागेपेक्षा ३४ कला वर दिसतो. म्हणजे आपण ज्याला उगवता सूर्य म्हणतो तो खरं तर अजून सबंध क्षितिजाखालीच असतो. १६ आणि ३४ मिळून ५० कला, म्हणजे ०.८३३ अंश. एवढं चढायला सूर्याला पुण्यात साडेतीन मिनिटं लागतात. सकाळी साडेतीन, संध्याकाळी साडेतीन, झाली सात. ही सात मिनिटं वर्षभर प्रत्येक दिवसाला मिळतात (जून-डिसेंबरमध्ये पावणेआठच्या आसपास). तुमचं आठवं मिनिट यामुळे की खरा विषुवदिन अलीकडे बहुतेक २० मार्चला येतो, आणि २१ ला दिवस एका मिनिटाने वाढलेला असतो. पुण्यात कॅलेंडरवर खरोखर १२ तासांचा दिवस पाहायचा असेल तर १३-१४ मार्च किंवा २९-३० सप्टेंबर पाहा. लंडनमध्ये सूर्य क्षितिजाला जास्त तिरका छेदतो, तिथे ही भर दहा-अकरा मिनिटांची होते.

काही पंचांगं वक्रीभवन न धरता बिंबाच्या मध्यावरून सूर्योदय देतात, म्हणून दोन छापील स्रोतांत तीन-चार मिनिटांचा फरक दिसला तर घाबरू नका. एकाच स्रोतातले दोन्ही आकडे घ्या, एकातला उदय आणि दुसऱ्यातला अस्त असं करू नका. आणि यातलं काहीही तुमच्या गच्चीवरून सिंहगडामागे जाणाऱ्या सूर्याला लागू नाही. गणितातलं क्षितिज समुद्रासारखं सपाट असतं, डोंगर मध्ये आला की सूर्य त्या डोंगराच्या उंचीप्रमाणे लवकर जातो.

पलभा स्वतः मोजायची असेल तर अंगुळांची गरज नाही, प्रमाण महत्त्वाचं. १२ सेंटिमीटरची काडी ओळंब्याने सरळ उभी करा, जमीन पाणसळीने सपाट पाहून घ्या. २३ सप्टेंबरला पुण्यात मध्यान्ह १२:२७ ला येतो, २० मार्चला १२:४२ ला. त्या मिनिटाला सावली ४ सेंटिमीटर भरली पाहिजे, नागपूरला ४.६. सावलीची कड थोडी धूसर असते. तुमचा अंदाज एका मिलिमीटरने हुकला, तर २१ जूनच्या दिनमानात पावणेदोन मिनिटांचा फरक पडेल.